आयजीएसटीचं क्रेडिट कुणाला किती द्यायचं? एका महिन्याच्या सेट-ऑफचा पुरता हिशेब

दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ या प्रकरणात जीएसटीची उदाहरणं येतात. विक्रीवर गोळा केलेल्या करातून खरेदीवर दिलेला कर वजा केला की तिथे उत्तर मिळतं. सगळी खरेदी आणि सगळी विक्री महाराष्ट्रातच असेल तर दुकानदाराचा हिशेबही साधारण तेवढाच असतो. पण महिन्यात एखादं बिल अहमदाबादहून आलं, थोडा माल बेळगावला गेला, की कराची तीन वेगळी खाती चालू होतात. मग एकूण बेरीज-वजाबाकी बरोबर असूनही खिशातून जास्त पैसे जाऊ शकतात. एका खात्यात क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला आणि वजा करता येणारा कर, पडून राहतं आणि दुसऱ्या खात्यासाठी रोख चलन भरावं लागतं. हे बहुतेक वेळा टाळता येतं, म्हणून एका महिन्याच्या सेट-ऑफचा, म्हणजे क्रेडिटमधून देणं फेडण्याचा, हिशेब इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवतो.

आधी तीन खात्यांचे नियम. राज्यातल्या राज्यात व्यवहार झाला की कर अर्धा-अर्धा विभागला जातो, अर्धा केंद्राचा सीजीएसटी आणि अर्धा राज्याचा एसजीएसटी. राज्याबाहेरचा व्यवहार असेल तर पूर्ण कर आयजीएसटी म्हणून लागतो. सीजीएसटीच्या क्रेडिटनं एसजीएसटी फेडता येत नाही आणि उलटही नाही, कारण एक पैसा केंद्राच्या तिजोरीचा आहे आणि दुसरा राज्याच्या. ही भिंत कुठल्याही परिस्थितीत ओलांडता येत नाही. आयजीएसटीचं क्रेडिट मात्र तिन्हीकडे चालतं. आधी त्यातून आयजीएसटीची देणी फेडायची. त्यातून उरेल ते सीजीएसटी आणि एसजीएसटी या दोघांना कुठल्याही क्रमानं आणि कुठल्याही प्रमाणात देता येतं. दुसरी अट अशी, की आयजीएसटीचं क्रेडिट पूर्ण संपल्याशिवाय सीजीएसटी किंवा एसजीएसटीच्या क्रेडिटला हात लावायचा नाही.

ही दुसरी अट पहिल्यापासून नव्हती. कायद्यात कलम ४९ए घातलं गेलं आणि ते १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालं. त्यानंतर मार्च २०१९ मध्ये नियम ८८ए आला आणि ‘कुठल्याही क्रमानं, कुठल्याही प्रमाणात’ ही मोकळीक त्यानं स्पष्ट केली. २०१७-१८ मधल्या नोट्स आणि सोडवलेली उदाहरणं अजून विद्यार्थ्यांच्या हातात फिरत असतात. त्यांत आधी सीजीएसटीचं क्रेडिट सीजीएसटीला लावलेलं दिसतं. तो क्रम आता चालत नाही.

आता उदाहरण घेऊ. कोल्हापुरात विजेच्या सामानाचं एक दुकान आहे. महिना ऑक्टोबर २०२५. वायर, स्विच, पंखे, एमसीबी या सगळ्यांवर १८ टक्के दर आहे, म्हणजे स्थानिक बिलावर ९ अधिक ९ आणि बाहेरच्या बिलावर सरळ १८. मागच्या महिन्यातून सीजीएसटीच्या खात्यात ९,००० रुपये क्रेडिट शिल्लक आलं आहे. एसजीएसटी आणि आयजीएसटीत शिल्लक काहीच नाही.

खरेदी पाहू. पुण्याहून अडीच लाखांची वायर आली, त्यावर २२,५०० सीजीएसटी आणि २२,५०० एसजीएसटी. सांगलीहून एक लाखाचे स्विच आले, त्यावर ९,००० आणि ९,०००. अहमदाबादहून तीन लाखांचे पंखे आले, आयजीएसटी ५४,०००. बेंगळुरूहून दीड लाखाच्या एमसीबी आल्या, आयजीएसटी २७,०००.

याच महिन्यात आणखी तीन बिलं आहेत. परीक्षेच्या प्रश्नात आणि खऱ्या दुकानात, दोन्हीकडे माणूस अडखळतो तो यांच्यापाशी.

पहिलं बिल मुंबईचं. पन्नास हजारांचा माल दुकानात आला, बिल हातात आहे, त्यावर ४,५०० आणि ४,५०० कर लिहिलेला आहे. पण मुंबईच्या व्यापाऱ्यानं ते आपल्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात दाखवलेलं नाही, त्यामुळे १४ तारखेला तयार होणाऱ्या आपल्या जीएसटीआर-२बी या क्रेडिटच्या यादीत ते उतरलेलं नाही. १ जानेवारी २०२२ पासूनचा नियम सरळ आहे. २बी मध्ये नाही, तर या महिन्यात क्रेडिट नाही. ते बुडालं असं मात्र नाही. व्यापाऱ्यानं पुढच्या महिन्यात दाखवलं की आपल्याला घेता येतं. फक्त ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरच्या आत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधीच भरलं तर ते भरेपर्यंत. त्या व्यापाऱ्याला फोन करण्याची वेळ १४ तारखेनंतर लगेच असते. वर्षअखेरीस फोन केला तर तो जुनी फाईल शोधत बसतो.

दुसरं बिल दिवाळीच्या भेटींचं. कोल्हापुरातूनच चाळीस हजारांच्या इलेक्ट्रिक केटल्या घेतल्या आणि नेहमीच्या गिऱ्हाईकांना भेट दिल्या. कर ३,६०० आणि ३,६००. हे बिल २बी मध्ये व्यवस्थित दिसतं, म्हणूनच ते जास्त फसवं आहे. भेट म्हणून दिलेल्या मालावरचं क्रेडिट कलम १७(५) नुसार मिळत नाही. जीएसटीआर-३बी या कर भरण्याच्या विवरणपत्रातल्या तक्ता ४ मध्ये हे क्रेडिट आपोआप भरून आलेलं असतं, ते ४(बी)(१) मध्ये दाखवून उलटवावं लागतं. न उलटवता तसंच वापरलं तर पुढे ते व्याजासकट परत द्यावं लागतं.

तिसरं बिल बेंगळुरूच्या हॉटेलचं. मालक एमसीबीचा सौदा ठरवायला गेले होते तेव्हाच्या मुक्कामाचं. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक आहे, खर्चही धंद्याचाच आहे. पण हॉटेलची सेवा जिथे इमारत आहे तिथेच घेतली असं कायदा मानतो. म्हणून त्यावर सीजीएसटी आणि कर्नाटकचा एसजीएसटी लागतो, आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीला त्याचं क्रेडिट मिळत नाही. परराज्यातलं बिल म्हणजे आयजीएसटीच असणार असं धरून चालू नका. बिलावर कुठला कर छापला आहे ते वाचा.

ही तीन बिलं बाजूला ठेवली की क्रेडिट असं उरतं: आयजीएसटी ८१,०००. सीजीएसटी ३१,५०० अधिक मागची ९,००० शिल्लक, म्हणजे ४०,५००. एसजीएसटी ३१,५००. तिन्ही मिळून १,५३,०००.

विक्रीकडे वळू. कोल्हापुरात महिनाभरात ५,४०,००० रुपयांचा माल विकला, त्यावर ४८,६०० आणि ४८,६००. सांगलीच्या एका कंत्राटदाराला दीड लाखाचा माल दिला, १३,५०० आणि १३,५००. त्यानं त्यातला पन्नास हजारांचा माल परत केला आणि दुकानानं त्याची क्रेडिट नोट काढली. म्हणजे ४,५०० आणि ४,५०० वजा. नावात क्रेडिट असलं तरी ही नोट खरेदीच्या क्रेडिटमध्ये मिळवायची नसते. ती विक्रीच्या करातून वजा होते. बेळगावला १,४०,००० चा माल पाठवला, आयजीएसटी २५,२००. पणजीला १,१०,००० चा माल गेला, आयजीएसटी १९,८००.

देणं झालं असं: आयजीएसटी ४५,०००, सीजीएसटी ५७,६००, एसजीएसटी ५७,६००. एकूण १,६०,२००. क्रेडिट १,५३,००० आहे, म्हणजे ७,२०० रुपये कमी पडतात. एवढी रोख कुठल्याही वाटपात भरावीच लागेल. हा ७,२०० चा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. शेवटी चलन याच्यापेक्षा मोठं निघालं तर त्याला फक्त आपलं वाटप कारणीभूत असेल.

पहिली पायरी सोपी आहे आणि तिच्यात निवडीला जागा नाही. आयजीएसटीच्या ८१,००० मधून आयजीएसटीचं ४५,००० चं देणं फेडलं. उरले ३६,०००. हे ३६,००० सीजीएसटी आणि एसजीएसटीत कसे वाटायचे, हा या महिन्यातला एकमेव खरा निर्णय आहे.

समजा कुणी यादीतल्या क्रमानं गेलं आणि सगळे ३६,००० सीजीएसटीला देऊन टाकले. मग सीजीएसटीचे २१,६०० उरतात, ते सीजीएसटीच्या स्वतःच्या ४०,५०० मधून फिटतात आणि १८,९०० क्रेडिट तसंच पडून राहतं. पलीकडे एसजीएसटीला स्वतःच्या ३१,५०० शिवाय काहीच मिळालं नाही. ५७,६०० मधून ते गेले की २६,१०० रोख भरायचे. म्हणजे ७,२०० च्या जागी २६,१०० चं चलन, आणि १८,९०० रुपये सीजीएसटीच्या खात्यात. ते पलीकडे नेता येत नाहीत, कारण मध्ये ती भिंत आहे. नियम कुठलाच मोडला नाही, तरी दुकानाच्या चालू खात्यातून १८,९०० रुपये विनाकारण गेले.

मग कुणी म्हणेल, अर्धे-अर्धे करू. १८,००० आणि १८,०००. सीजीएसटी: ५७,६०० मधून १८,००० गेले, उरलेले ३९,६०० स्वतःच्या ४०,५०० मधून फिटले, ९०० पडून राहिले. एसजीएसटी: ५७,६०० मधून १८,००० आणि ३१,५०० गेले, ८,१०० रोख. हे जवळपास बरोबर आहे, पण ९०० रुपये तरी जास्तच गेले. दोन्ही खात्यांची मागची शिल्लक सारखी असती तर अर्धे-अर्धे वाटप अगदी अचूक ठरलं असतं, कारण स्थानिक खरेदी आणि स्थानिक विक्री दोन्हींवर कर नेहमी समसमानच लागतो. इथे सीजीएसटीत ९,००० ची जुनी शिल्लक होती, म्हणून तोल गेला.

बरोबर वाटप काढायची रीत अशी. कागदावर आधी प्रत्येक खात्याची तूट काढा. तूट म्हणजे देणं वजा त्या खात्याचं स्वतःचं क्रेडिट. सीजीएसटीची तूट ५७,६०० वजा ४०,५००, म्हणजे १७,१००. एसजीएसटीची तूट ५७,६०० वजा ३१,५००, म्हणजे २६,१००. आता उरलेला आयजीएसटी असा वाटा, की कुठल्याही खात्याला त्याच्या तुटीपेक्षा जास्त जाणार नाही. सीजीएसटीला जास्तीत जास्त १७,१०० देता येतील. तेवढे दिले तर एसजीएसटीला १८,९०० जातात आणि ७,२०० ची रोख एसजीएसटीत भरावी लागते:

| | आयजीएसटी | सीजीएसटी | एसजीएसटी |
|---|---|---|---|
| देणं | ४५,००० | ५७,६०० | ५७,६०० |
| आयजीएसटी क्रेडिटमधून | ४५,००० | १७,१०० | १८,९०० |
| स्वतःच्या क्रेडिटमधून | – | ४०,५०० | ३१,५०० |
| रोख | ० | ० | ७,२०० |

तिन्ही खात्यांत क्रेडिट शून्य उरलं आणि रोख नेमकी ७,२००. हे एकमेव उत्तर नाही. एसजीएसटीची पूर्ण तूट भागवून २६,१०० तिकडे आणि ९,९०० सीजीएसटीला दिले, तर ७,२०० ची रोख सीजीएसटीत येते. या दोन टोकांमधलं कुठलंही वाटप चालतं, रोख तेवढीच राहते. परीक्षेत शेजारच्याचं उत्तर वेगळं दिसलं म्हणून घाबरू नये. दोघांच्या रोखीची बेरीज तपासावी.

तूट काढताना आपण स्वतःचं क्रेडिट आधी वजा केलं, ते फक्त कागदावर. पोर्टलवर भरताना, आणि उत्तरपत्रिकेत मांडताना, आयजीएसटीचं क्रेडिट आधी संपवूनच पुढे जायचं. जीएसटीआर-३बी च्या तक्ता ६.१ मध्ये पोर्टल स्वतःहून एक वाटप सुचवून ठेवतं. ते आकडे बदलता येतात. ते तसेच मान्य करण्याआधी आपल्या कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहणं हे दोन मिनिटांचं काम आहे. आणि ते सादर करण्याआधीच करायचं, कारण ३बी एकदा भरलं की त्यात सुधारणा करता येत नाही.

चूक ओळखायची खूणही इथेच सांगतो. सेट-ऑफ झाल्यावर सीजीएसटी आणि एसजीएसटीपैकी एकात क्रेडिट उरलं असेल आणि दुसऱ्यात रोख दिसत असेल, तर थांबा. त्या महिन्यात आयजीएसटीतून दोघांना काही वाटलं गेलं असेल, तर क्रेडिट उरलेल्या खात्याला किती गेलं ते पाहा. तेवढ्यापुरतं वाटप दुसरीकडे सरकवता येतं. त्या खात्याला आयजीएसटीतून काहीच गेलं नसेल, तर मात्र ती रोख टळणारी नाही.

मागच्या महिन्याचे ते ९,००० सीजीएसटीत कसे उरले असतील? अशी शिल्लक सहसा ज्या महिन्यात क्रेडिट भरपूर असतं तिथून येते. समजा आयजीएसटीची देणी फेडून ६०,००० उरले आहेत. सीजीएसटी आणि एसजीएसटीचं देणं प्रत्येकी ४०,००० आणि स्वतःचं क्रेडिट प्रत्येकी ३०,००० आहे. कसंही वाटलं तरी रोख भरावी लागत नाही, म्हणून इकडे कुणाचं लक्ष जात नाही. दोघांना ३०,००० दिले तर दोन्ही खात्यांत २०,००० उरतात. पण सीजीएसटीला ४०,००० आणि एसजीएसटीला २०,००० दिले, तर सीजीएसटीत ३०,००० आणि एसजीएसटीत फक्त १०,००० उरतात. चलन शून्यच, पण तोल बिघडला, आणि तो पुढच्या एखाद्या टंचाईच्या महिन्यात रोखीच्या रूपानं समोर येतो. माझं मत असं, की क्रेडिट जास्त असलेल्या महिन्यात वाटपाचा हेतू एकच ठेवावा: दोन्ही खात्यांची उरणारी शिल्लक सारखी करणं. खरं तर स्वतःचं क्रेडिट आधी वापरून आयजीएसटीचे ४०,००० राखून ठेवणं दुकानाच्या सोयीचं झालं असतं, कारण ते कुठेही चालतात. पण कलम ४९ए ती सोय देत नाही.

अडकलेलं क्रेडिट बुडत नाही, ते पुढे चालत राहतं. पण त्याचा परतावा सहजी मिळत नाही. न वापरलेल्या क्रेडिटचा परतावा निर्यातीसारख्या शून्य दराच्या विक्रीत किंवा खरेदीचा दर विक्रीच्या दरापेक्षा जास्त असेल तेव्हाच मागता येतो. कोल्हापूरच्या या दुकानाला यातलं काहीच लागू नाही.

उलट परिस्थितीही येते. सगळी खरेदी महाराष्ट्रातून आणि बरीचशी विक्री बेळगाव-गोव्याला, असं असेल तर आयजीएसटीचं क्रेडिट तोकडं पडतं. समजा आयजीएसटीचं देणं ७०,००० आणि त्याचं क्रेडिट २०,०००. सीजीएसटी आणि एसजीएसटीचं देणं प्रत्येकी १०,०००, क्रेडिट प्रत्येकी ४०,०००. आयजीएसटीची तूट ५०,०००. आपापलं देणं फेडून उरलेलं सीजीएसटी आणि एसजीएसटीचं क्रेडिट आयजीएसटीला लावता येतं. सीजीएसटीच्या क्रेडिटमधून आधी त्याचं १०,००० चं देणं फेडलं, उरलेले ३०,००० आयजीएसटीला गेले. मग एसजीएसटीतून त्याचे १०,००० फेडून २०,००० आयजीएसटीला दिले, आणि १०,००० एसजीएसटीत उरले. हा क्रम कलम ४९(५) मधल्या अटीमुळे आहे. त्यानुसार सीजीएसटीचं क्रेडिट शिल्लक नसेल तेव्हाच एसजीएसटीचं क्रेडिट आयजीएसटीला लावायचं.

राहिलं ट्रकचं भाडं. अहमदाबादचे पंखे आणणाऱ्या तिथल्या मालवाहतूक एजन्सीनं २०,००० रुपये भाडं घेतलं आणि बिलावर कर लावला नाही, तर ५ टक्क्यांनी १,००० रुपये आयजीएसटी दुकानानं स्वतः भरायचा असतो. हा रिव्हर्स चार्ज. तो क्रेडिटमधून फेडता येत नाही, कितीही क्रेडिट पडून असलं तरी रोखच भरावा लागतो. पण भरलेल्या १,००० चं क्रेडिट आपल्याला मिळतं. त्यामुळे आपल्या उदाहरणात आयजीएसटीचं क्रेडिट ८१,००० ऐवजी ८२,००० होतं, ३६,००० च्या जागी ३७,००० वाटायला मिळतात आणि विक्रीच्या करासाठीची रोख ६,२०० वर येते. दोन्ही मिळून रोख पुन्हा ७,२००. फक्त चलनातली खाती बदलतात: १,००० आयजीएसटीत, ६,२०० एसजीएसटीत.

चलन भरताना खातं चुकलं, एसजीएसटीऐवजी सीजीएसटीत पैसे गेले, तर त्यावर उपाय आहे. रोख खात्यातली रक्कम पीएमटी-०९ हा फॉर्म भरून एका खात्यातून दुसऱ्यात नेता येते. अशा रीतीनं क्रेडिट मात्र हलवता येत नाही, म्हणून तक्ता ६.१ मधले आकडे बटण दाबण्याआधी तपासायचे. चलन २० तारखेच्या आत भरलं नाही तर रोख भरायच्या रकमेवर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज लागतं. या दुकानाचं चलन वाटपाच्या चुकीमुळे ७,२०० चं २६,१०० झालं आणि वर उशीरही झाला, तर व्याजही २६,१०० वरच मोजलं जाईल.